एफडी मॉड्यूलची ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स: रिलीज ३.२ साठी कुठे काय कव्हर झालंय आणि कुठे भोकं आहेत

मंडळी, बँकेच्या मोबाईल ॲपमधलं मुदत ठेवीचं मॉड्यूल पुढच्या आठवड्यात यूएटीला जातंय, त्याआधी रिक्वायरमेंट आणि टेस्ट केस यांची मॅट्रिक्स पूर्ण भरून ठेवलीये. खालचा तक्ता बघाच, पण त्याच्या खालचं पण वाचा, कारण यावेळी खरा धोका रिकाम्या रकान्यांपेक्षा भरलेल्या रकान्यांत जास्त आहे.

| आयडी | रिक्वायरमेंट | टेस्ट केस | स्थिती |
|---|---|---|---|
| FD-R01 | केवायसी पूर्ण असेल तरच ठेव उघडता येईल | TC-101, TC-102 | पास |
| FD-R02 | किमान ₹१,०००, पुढे १०० च्या पटीत | TC-103, TC-104, TC-105 | पास |
| FD-R03 | मुदत ७ दिवस ते १० वर्षं | TC-106, TC-107 | अर्धवट |
| FD-R04 | ज्येष्ठ नागरिकांना ०.५० टक्के जादा व्याज | TC-109, TC-110 | TC-110 फेल |
| FD-R05 | तिमाही चक्रवाढ व्याज | TC-111, TC-112 | पास |
| FD-R06 | चारपर्यंत नॉमिनी | TC-114 | अर्धवट |
| FD-R07 | व्याजावर टीडीएस | TC-116 | पास, पण केस जुनी |
| FD-R08 | मुदतीआधी ठेव मोडणं | TC-118, TC-119 | पास |
| FD-R09 | ऑटो रिन्यूअलआधी ग्राहकाला मेसेज | नाही | गॅप |
| FD-R10 | मराठीत पावतीची पीडीएफ | TC-122 | ब्लॉक |
| FD-R11 | खात्यातून पैसे गेले पण ठेव तयार झाली नाही तर पैसे परत | नाही | गॅप |

शीट कशी बांधलीये ते आधी सांगते, म्हणजे पुढे कुणी भरताना मोडणार नाही. वरचा तक्ता फक्त बघायला आहे, मूळ माहिती `Map` टॅबमध्ये आहे आणि तिथे एका ओळीत एकच जोडी: A मध्ये रिक्वायरमेंट, B मध्ये टेस्ट केस, C मध्ये रिझल्ट. एकाच सेलमध्ये कॉमा देऊन तीन-तीन केस कोंबायच्या नाहीत, कारण मग मोजणी नीट होत नाही आणि त्यातली एक फेल असली तरी कळत नाही. `Req` टॅबमध्ये प्रत्येक रिक्वायरमेंटसमोर ही दोन फॉर्म्युले आहेत, पहिल्यात एकूण केस आणि दुसऱ्यात पास झालेल्या:

```
=COUNTIF(Map!A:A, A2)
=COUNTIFS(Map!A:A, A2, Map!C:C, "Pass")
```

पहिल्यात शून्य आलं की सरळ गॅप, आणि दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी असला तर फेल, ब्लॉक किंवा न चालवलेली केस आहे. उलट्या बाजूनेही बघायचं, म्हणजे `TC` टॅबमध्ये अशी केस शोधायची जिला रिक्वायरमेंटच नाहीये:

```
=IF(COUNTIF(Map!B:B, A2)=0, "Orphan", "")
```

यात TC-125, TC-126 आणि TC-127 सापडल्या, तिन्ही ठेवीवर कर्ज काढण्याच्या. ते फीचर ३.२ मध्ये नाहीच्चे, मग एकतर बीएंनी रिक्वायरमेंट लिहायची राहिलीये किंवा केस आधीच्या रिलीजमधून वाहत आल्यात. कोणतं ते बीए टीमने सांगायचंय, तोवर मी त्या डिलीट करत नाहीये.

आता फॉर्म्युल्याला न दिसणाऱ्या गोष्टी, आणि माझ्या मते मॅट्रिक्सचं खरं काम इथे आहे.

सगळ्यात गंभीर FD-R07. TC-116 मध्ये लिहिलंय की वर्षाचं व्याज ₹४२,००० असेल तर टीडीएस कापला गेला पाहिजे, आणि ती पास आहे. पण १ एप्रिल २०२५ पासून बँक ठेवींच्या व्याजाची मर्यादा ४०,००० वरून ५०,००० झालीये आणि ज्येष्ठांसाठी ५०,००० वरून १ लाख. म्हणजे केस जुनी, कोडही जुना, दोघं एकमेकांशी जुळतात म्हणून हिरवं दिसतंय, आणि ४२,००० व्याज असलेल्या ग्राहकाचे पैसे उगीच कापले जाणार. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला ते परत मिळवायला रिटर्न भरायला लागतं, त्यामुळे याला किरकोळ डिफेक्ट समजू नका प्लीज. नवीन केस हव्यात: ५०,००० ला कापू नये, ५०,००१ ला कापावा, ज्येष्ठांसाठी १,००,००० आणि १,००,००१, पॅन नसेल तर २० टक्के, आणि दोन शाखांत दोन ठेवी असताना बेरजेवर मर्यादा लागते का ते. ही शेवटची केस आत्ता कुठेच नाहीये.

FD-R06 चं असंच. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, एकतर सगळ्यांना एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक क्रमाने. TC-114 फक्त एक नॉमिनी जोडून सेव्ह करते, म्हणजे "कव्हर्ड" म्हणायला केस आहे पण त्या एका ओळीत खरंतर पाच रिक्वायरमेंट दडलेल्यात. म्हणून ती फोडली: R06a एक नॉमिनी, R06b चार नॉमिनी, R06c पाचवा नाकारणं, R06d टक्केवारीची बेरीज १०० नसेल तर पुढे जाऊ न देणं, R06e क्रमाने लावलेले नॉमिनी. यातली a सोडून चारही उघडी आहेत. ९९ आणि १०१ दोन्ही टाकून बघा, आणि तिघांना सारखा वाटा द्यायचा तर ३३.३३ चं काय होतं तेही, कारण खरे ग्राहक नेमकं हेच करणार, तीन मुलं असलेलं घर काही दुर्मिळ नाही.

FD-R04 मध्ये TC-110 फेल आहे: ज्याची साठी आजच पूर्ण होते त्याला जादा दर मिळत नाही, उद्यापासून मिळतो. डेव्हनी तारखेची तुलना बघा. तपासायला सोपा आकडा, ₹१ लाख, १ वर्ष, ७ टक्के तिमाही चक्रवाढीने ₹१,०७,१८६ होतात आणि ७.५ ने ₹१,०७,७१४, म्हणजे स्क्रीनवर पहिला आकडा दिसला की समजा जादा दर लागला नाही.

FD-R03 ला ७ आणि ६ दिवस तपासलेत, वरचं टोक कुणी बघितलंच नाही, बरोब्बर १० वर्षं आणि १० वर्षं १ दिवस या दोन केस टाका, अर्ध्या तासाचं काम आहे.

FD-R11 वर मी अडून बसणारे. पैसे खात्यातून गेले आणि सीबीएसचं उत्तर आलंच नाही, अशी एकही केस नाही. स्टब लावून टाइमआउट करता येतो, त्यामुळे एन्व्हायर्नमेंट नाही हे कारण चालणार नाही. तीन केस: टाइमआउटनंतर पैसे परत, ग्राहकाने घाबरून परत बटण दाबलं तर दोन ठेवी होऊ नयेत, आणि उत्तर उशिरा आलं तर परतावा आणि ठेव दोन्ही होऊ नयेत. FD-R09 ला किती दिवस आधी मेसेज जायचा तेच रिक्वायरमेंटमध्ये लिहिलेलं नाही, त्यामुळे टेस्ट लिहिता येत नाहीये, बीएंनी आकडा द्या.

FD-R10 जोडाक्षरं तुटतायत म्हणून ब्लॉक आहे, "ज्येष्ठ" पावतीवर वाचता येत नाही, फॉन्ट एम्बेड झाल्यावर परत चालवू.

तर बुधवार संध्याकाळपर्यंत R07 आणि R11 च्या केस लिहून `Map` मध्ये जोड्या टाका, गुरुवारी आपण त्या दोन्ही चालवू. त्यातली एकही फेल असली तर यूएटीची तारीख पुढे ढकला असं मी लेखी कळवणार आहे, बाकीच्या गॅप रिस्क म्हणून नोंदवून जाऊ देता येतील. नॉमिनीच्या चार केससाठी शुक्रवार चालेल, पण b आणि d आधी घ्या.