मंगळवारच्या व्हॉइस मेमोवरून कामांची यादी, आणि तुमचं उत्तर हवं असलेले मुद्दे

सर,

तुमचा संध्याकाळचा मेमो (४ मिनिटं ५२ सेकंद) दोनदा ऐकून ही यादी केली आहे. क्रम तुम्ही बोललात तसा ठेवलेला नाही. माणसाला इजा होऊ शकते किंवा खराब माल बाहेर जाऊ शकतो अशी कामं आधी, मग कस्टमरच्या तारखा, मग बाकीची. त्यामुळे मेमोत सगळ्यात शेवटी आलेलं स्पिंडलचं काम इथे वर आहे आणि सुरुवातीचं बोर्डाचं काम खाली गेलं आहे. कंसातली वेळ मेमोतली.

आधी उत्तरं हवीत

पहिली दोन उत्तरं उद्या सकाळी ७ च्या शिफ्टआधी मिळाली तर बरं. बाकीची दुपारपर्यंत चालतील. एका शब्दात उत्तर आलं तरी पुरे. उत्तर येईपर्यंत काय करतो आहोत तेही प्रत्येक ठिकाणी लिहिलं आहे.

⚑ १. तीन नंबर मशीन बंद ठेवायची का? (४:३५) "उघडून बघायला सांग" म्हणालात, मशीन थांबवायची की नाही ते बोलला नाहीत. *तोपर्यंत:* तीन नंबरवर काहीही लावत नाही. एक शिफ्ट वाया गेली तर भरून काढता येईल, आणखी ओव्हरसाईझ बोअर निघाले तर नाही येणार.

⚑ २. गुरुवारच्या गाडीत नक्की काय जाणार? (१:१० आणि २:१५) इथे मेमोतल्या दोन सूचना एकमेकींना आड येतात. हाउसिंगचे २५० पीस पाठवा म्हणालात आणि त्याच हाउसिंगचा लॉट बाजूला काढा असंही म्हणालात. २५० पैकी किती पीस त्या लॉटमधले आहेत हे स्टोअरमधून सकाळी कळेल. त्या लॉटचे पीस वगळून कमी माल पाठवायचा, की १०० टक्के तपासून २५० पुरे करायचे? *तोपर्यंत:* त्या लॉटचा एकही पीस पॅकिंगला जाणार नाही. १:१० च्या वाक्यातल्या "मॅडम" म्हणजे डिस्पॅचच्या मॅडम असं धरलं आहे. अकाउंट्सच्या मॅडम म्हणायच्या असतील (बिल दोन भागांत करायचं म्हणून) तर सांगा.

⚑ ३. इन्सर्ट २० बॉक्स की २० नग? (१:४२) एका बॉक्समध्ये १० नग येतात, म्हणजे फरक दहापटीचा आहे. शिवाय "मागच्या वेळचेच" म्हणालात, पण मागच्या दोन ऑर्डरमध्ये ग्रेड वेगवेगळी होती. शेवटची ऑर्डर ट्रायलसाठी होती, त्याआधीची नेहमीची. *तोपर्यंत:* नेहमीच्या ग्रेडचे २ बॉक्स मागवतो. २० नग म्हणायचं असेल तर काम झालं, बॉक्स म्हणायचं असेल तर उरलेले १८ नंतर मागवू.

⚑ ४. "परवाच्या मीटिंगचे मुद्दे" (२:०५) म्हणजे गेल्या शनिवारच्या आढाव्यात ठरलेलं, की येत्या गुरुवारच्या मीटिंगचे विषय? *तोपर्यंत:* काही पाठवत नाही. चुकीचा कागद सगळ्यांकडे गेला की तो मागे घेणं अवघड.

⚑ ५. "त्यांना मेल टाक की आम्ही कळवतो" (३:२०) हे रिजेक्शननंतर लगेच बोललात, म्हणून "त्यांना" म्हणजे कस्टमरची क्वालिटी टीम असावी. पण काय कळवतो आणि कधीपर्यंत, ते नाही. *तोपर्यंत:* मेलचा मसुदा तयार ठेवतो, तुम्ही बघितल्याशिवाय पाठवत नाही. उद्या डी-थ्री जाणारच आहे, तो याच मेलसोबत गेला तर वेगळा मेल लागणार नाही.

एक गोष्ट मुद्दाम विचारत नाही. २:१५ च्या पुढे हॉर्नमुळे स्टोअरमधले पीस "सात" की "साठ" ते ऐकू येत नाही. तुमच्या आठवणीतल्या आकड्यापेक्षा सकाळची मोजणी धरू.

अ. बुधवारी, पहिल्या शिफ्टआधी किंवा सुरू होताच

१. ट्रेनीला मशीनवर एकटं सोडायचं नाही. (शॉप सुपरवायझर, सकाळी ७) प्रत्येक शिफ्टला सोबत कोण, ते नाव बोर्डावर लिहायचं. "कोणीतरी" असेल तर प्रत्यक्षात कोणीच नसतं. आज तो कोणत्या मशीनवर होता ते मेमोत नाही. सुपरवायझर शिफ्ट रजिस्टरमधून बघून कळवतील. ते तीन नंबर असेल तर खालच्या ४ नंबरच्या कामात याची नोंद लागेल.

२. त्या लॉटचे हाउसिंग वेगळे काढून लाल टॅग लावणे. (स्टोअर आणि क्वालिटी, सकाळी ९ पर्यंत) स्टोअरपुरतं थांबायचं नाही. मशीनजवळच्या ट्रेमधले, तपासणीच्या टेबलावरचे, पॅकिंगमधले, वाटेत असलेले आणि कस्टमरच्या स्टोअरमधले, सगळीकडचा आकडा लागेल. डी-थ्रीमध्ये कस्टमर आधी हेच विचारतो, आणि एका जागेचा आकडा राहिला तर रिपोर्ट परत येतो.

३. तीन नंबरचा स्पिंडल आधी मोजणे, मग उघडणे. (मेन्टेनन्स, क्वालिटीसमोर, सकाळी ११ पर्यंत) मेमोत थेट उघडायला सांगितलं आहे, तिथे हा एक बदल सुचवतो. परत आलेल्या पिसांचा बोअर ओव्हरसाईझ आहे आणि हाउसिंग याच मशीनवर चालतं. बेअरिंग आधी काढलं तर स्पिंडलची आत्ताची अवस्था पुन्हा मोजता येणार नाही आणि एट-डीमध्ये कारण म्हणून नुसता अंदाज लिहावा लागेल. टेपर साफ करून टेस्ट मँड्रेल लावायचा, डायल इंडिकेटरने नाकाजवळ आणि ३०० मिमीवर रनआउट घ्यायचा. स्पिंडल फिरवून आवाज आणि तापमान नोंदवायचं. आकडे कागदावर आले की उघडायला हरकत नाही. बेअरिंगच आहे असं आत्ता धरलेलं नाही, तुम्हीही "बहुतेक" म्हणाला आहात. ड्रॉबारची पकड सैल असेल किंवा टेपरमध्ये बर असेल तरी बोअर बिघडतो.

ब. कस्टमरच्या तारखांची कामं

४. परत आलेले १८ पीस पुन्हा मोजणे आणि एट-डी. (क्वालिटी, डी-थ्री बुधवारी संध्याकाळपर्यंत, पूर्ण रिपोर्ट शुक्रवारी) पीस मोजण्याआधी बोअर गेज सेटिंग रिंगवर तपासायचा. गेजच चुकत असेल तर १८ पीस मोजून उपयोग नाही. पीस बाहेरून आलेत, ते २० अंशांच्या खोलीत नीट स्थिरावू द्यायचे, गरम पीस मोजून आकडा लिहायचा नाही. पूर्ण कारण शुक्रवारपर्यंत पक्कं होईलच असं नाही. स्पिंडल उघडून काय निघतं त्यावर ते आहे. गुरुवारी संध्याकाळी परिस्थिती सांगतो, मुदत वाढवून मागायची असेल तर ती शुक्रवारच्या आधी मागावी.

५. कॅलिब्रेशन. (क्वालिटी, बुधवारी यादी, गुरुवारी सकाळी रवाना) "दोन-तीन मायक्रोमीटर" म्हणालात. नेमके किती, ते रजिस्टरवरून घेतो. बोअर गेज मात्र ४ नंबरचं काम संपेपर्यंत पाठवायचा नाही. पाठवताना लॅबला स्पष्ट लिहायचं: जुळवणी करण्याआधीचे रीडिंग सर्टिफिकेटवर हवेत. ते नसतील तर हा गेज गेल्या काही आठवड्यांत खरं मोजत होता की नाही हे कधीच कळणार नाही. ऑडिट पुढच्या बुधवारी आहे, त्याआधी उपकरण परत आलं नाही तर त्यावर "वापरात नाही" टॅग लावून कपाटात ठेवायचं. मुदत संपलेलं उपकरण टेबलावर दिसलं की ऑडिटमध्ये ताशेरा ठरलेला.

६. गुरुवारची गाडी. (डिस्पॅच) ⚑ २ वर अवलंबून. आकडे तुमच्या शेवटच्या वाक्याप्रमाणे धरले आहेत: गुरुवारी २५०, शनिवारी १००. तुम्ही "बहुतेक" म्हणालात म्हणून डिस्पॅचच्या मॅडमशी पक्कं करतो.

क. या आठवड्यात

७. दोन नंबरचं कूलंट. (मेन्टेनन्स, बुधवार दुपार) रिफ्रॅक्टोमीटर आधी पाण्यावर शून्य करून मग रीडिंग, त्याला पुरवठादाराच्या तक्त्यातला गुणांक लावायचा. वर तरंगणारं तेल काढायचं. वास बहुधा जिवाणूंचा असतो, आणि पातळ झालेलं कूलंट व वरचं तेल दोन्ही त्यांना पोसतात. टाकीत नुसतं पाणी ओतून पातळी वाढवायची नाही, मिश्रण बाहेर करून घालायचं.

८. फिनिशिंग इन्सर्ट. (खरेदी) ⚑ ३.

९. शॉपमधले बोर्ड. (सुपरवायझर, शनिवारपर्यंत) जुने चार्ट काढणे, चालू महिन्याचे लावणे. रिजेक्शनच्या चार्टमध्ये हे १८ पीस दिसले पाहिजेत. ऑडिटर परत आलेल्या मालाची नोंद चार्टशी ताडून बघतो.

यादीत न घेतलेलं

नवा कंप्रेसर: तुम्हीच पुढच्या महिन्यात म्हणालात. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आठवण करतो.

सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरबद्दलचं वाक्य टीमच्या यादीत जाणार नाही. स्पिंडलचे आकडे येण्याआधी ते कोणाच्या कानावर जाऊ नये असं मला वाटतं. टीमला अ, ब, क एवढेच भाग जातील, खालचा मजकूर फक्त तुमच्यासाठी आहे.

मेमो, जसाच्या तसा

[०:०५] ऐक, गाडीत आहे, मागे आवाज येईल. सगळ्यात आधी ऑडिट. पुढच्या बुधवारी कस्टमर येतोय. शॉपमधले बोर्ड अपडेट करून घ्या, जुने चार्ट अजून तसेच लावलेत.

[०:३८] कॅलिब्रेशन बघा. मायक्रोमीटर दोन-तीन ड्यू आहेत, बोअर गेज पण. बाहेर पाठवायचे तर लगेच पाठवा.

[१:१०] गुरुवारची गाडी. हाउसिंग साडेतीनशे जायचेत... नाही, थांब, अडीचशे गुरुवारी, उरलेले शनिवारी, असं ठरलंय बहुतेक. मॅडमना विचारून घे एकदा.

[१:४२] फिनिशिंगचे इन्सर्ट संपत आलेत. वीस मागवून ठेव, मागच्या वेळचेच.

[२:०५] परवाच्या मीटिंगचे मुद्दे सगळ्यांना पाठव.

[२:१५] हां, रिजेक्शन. हाउसिंगचे अठरा पीस परत आलेत, बोअर ओव्हरसाईझ. एट-डी शुक्रवारपर्यंत मागितलाय. निदान डी-थ्री उद्याच्या उद्या जाऊ दे. त्या लॉटचे आपल्याकडे सा— [हॉर्न] पीस आहेत ना स्टोअरला, ते बाजूला काढ. खरं सांगू, सेकंड शिफ्टच्या त्या ऑपरेटरकडून ही अपेक्षा नव्हती.

[३:२०] त्यांना मेल टाक की आम्ही कळवतो म्हणून.

[३:३०] कंप्रेसर नवा घ्यायचा का, ते पुढच्या महिन्यात बोलू, आता नको.

[३:४८] दोन नंबरला कूलंट वास मारतंय. कॉन्सन्ट्रेशन चेक करायला सांग.

[४:१०] तो नवा ट्रेनी आज मशीन एकटा चालवत होता. असं नको. कोणीतरी सोबत ठेवा.

[४:३५] अजून काय... हां, तीन नंबरच्या स्पिंडलचा आवाज येतोय, मेन्टेनन्सला उघडून बघायला सांग. बहुतेक बेअरिंग. हाउसिंग तिथेच चालतं ना. बरं, ठेवतो, फोन येतोय.