सूचना : फलकावरील ‘नियम’ या शब्दाबाबत

जावक क्र. 14/2025-26
मुंबई, दिनांक 12 जून 2025

प्रति,
सर्व सभासद व भाडेकरू, ए आणि बी विंग

लिफ्टजवळच्या फलकावर आजवर लागलेल्या बहुतेक सूचनांत ‘सोसायटीच्या नियमानुसार’ एवढेच लिहिलेले असते. तो नियम कोणाचा, कुठे लिहिला आहे आणि तो मोडल्यास काय होईल, हे त्यावरून कळत नाही. व्यवस्थापक समितीने या सूचना तपासल्या, तेव्हा एकाच शब्दाखाली पाच-सहा वेगळ्या गोष्टी सापडल्या. यापुढे प्रत्येक सूचनेत आधार स्पष्ट लिहिला जाईल.

‘अधिनियम’ म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960. ‘नियम’ म्हणजे त्याखाली शासनाने केलेले 1961 चे नियम. काटेकोर अर्थाने नियम हेच. सोसायटी नियम करत नाही. ‘विनियम’ हा शब्द बांधकामाच्या बाबतीत येतो. मुंबईच्या विकास नियंत्रण विनियमांना बोलताना आपण ‘नियमावली’ म्हणतो. बाल्कनी बंद करण्याची किंवा भिंत पाडण्याची परवानगी महापालिकेकडून लागते. समितीचे ‘ना हरकत’ पत्र म्हणजे ती परवानगी नव्हे.

‘उपविधी’ म्हणजे ज्यांना आपण पोटनियम किंवा बायलॉज म्हणतो ते. सर्वसाधारण सभेने मंजूर केलेले आणि निबंधकांनी नोंदवलेले हे पुस्तक सर्व सभासदांवर बंधनकारक आहे. त्यात दुरुस्ती करायची तर सभेत हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात, आणि नोंदणी होईपर्यंत ती दुरुस्ती लागू होत नाही. सभेत टाळ्या वाजल्या म्हणून उपविधी बदलत नाही.

‘ठराव’ उपविधींच्या चौकटीत राहूनच होतो. थकबाकीवरील व्याजाचे उदाहरण घ्या. उपविधींत दरसाल ‘जास्तीत जास्त 21 टक्के’ सरळव्याज आहे. ही फक्त कमाल मर्यादा झाली. आपल्या सभेच्या ठरावाने दर 12 टक्के ठरला आहे. म्हणून 4,800 रुपये एक महिना थकले तर व्याज 48 रुपये, आणि पुढच्या महिन्यात त्या 48 रुपयांवर व्याज लागणार नाही. फलकावर ‘नियमानुसार 21%’ असे लिहिले होते, ते चूक होते. तो कागद काढला आहे.

सदनिका भाड्याने दिल्यावर लागणाऱ्या बिनभोगवटा शुल्काचा आधार ‘शासन निर्णय’ आहे, त्यामुळे ते आपल्या ठरावाने वाढवता येत नाही. मर्यादा सेवा शुल्काच्या 10 टक्के असून त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. सेवा शुल्क 1,450 रुपये असेल तर हे शुल्क 145 रुपयांपर्यंतच.

‘धोरण’ म्हणजे समितीने सगळ्यांना सारखी वागणूक मिळावी म्हणून लिहून ठेवलेली पद्धत. पाहुण्यांच्या गाड्या, सामान हलवण्याच्या वेळा, हॉलचे आरक्षण हे यात येते. केवळ धोरणाच्या जोरावर पैसे आकारता येत नाहीत. घर बदलताना घेतलेले 2,500 रुपयांचे ‘सामान शुल्क’ समितीच्या बैठकीतच ठरले होते, सभेपुढे गेले नव्हते. ते बंद केले आहे. ज्या चार सदनिकांकडून घेतले, त्यांच्या जुलैच्या बिलात पूर्ण रक्कम वजा होईल. या चुकीबद्दल समिती दिलगीर आहे.

‘मार्गदर्शक सूचना’ म्हणजे काय करणे योग्य, याचा सल्ला. कुत्रा लिफ्टमधून नेताना साखळी आखूड धरावी, ही मार्गदर्शक सूचना आहे. त्यासाठी दंड नाही, पण ती पाळावी असे समितीला मनापासून वाटते. बी विंगमध्ये लहान मुले आणि ज्येष्ठ बरेच आहेत.

भाषेचाही घोळ आहे. ‘कचरा वेगळा करावा’ यातला ‘करावा’ हा हुकूम की विनंती, हे मराठीत नुसत्या क्रियापदावरून कळत नाही. म्हणून यापुढे सक्ती असेल तिथे ‘बंधनकारक आहे’ आणि सक्ती नसेल तिथे ‘विनंती आहे’ असे लिहिले जाईल. ओला-सुका कचरा वेगळा देणे बंधनकारक आहे. चप्पलांचे स्टँड जिन्यात न ठेवणे हेही बंधनकारक आहे, कारण आग लागल्यास जिना हीच बाहेर पडायची वाट असते.

दंडाबाबत: कारणे दाखवा नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय कोणाच्याही बिलात दंड लावला जाणार नाही. सुरक्षारक्षकांना जागेवर दंड घेण्याचा अधिकार नाही. कोणी मागितल्यास देऊ नये व कार्यालयाला कळवावे.

उपविधींची प्रत कार्यालयात सोमवार ते शनिवार संध्याकाळी 6 ते 8 या वेळेत पाहता येईल. फलकावरील एखाद्या सूचनेचा आधार विचारायचा असल्यास सूचनेचा जावक क्रमांक लिहून अर्ज द्यावा. 7 दिवसांत लेखी उत्तर मिळेल. वार्षिक सभेत विषय मांडायचा असेल तर तो 31 जुलैपर्यंत द्यावा, म्हणजे सभेच्या नोटिशीत घेता येईल.

व्यवस्थापक समितीकरिता,
सचिव