वासेट्ठ सुत्त: वर्षावासातील वाचनासाठी

उपासक-उपासिकांनो, आज सुत्तनिपातातले वासेट्ठ सुत्त थोडक्यात वाचू. आधी वाद ऐका, मग गाथा. वादच माहीत नसेल तर या गाथा नुसत्या घोषणेसारख्या कानावरून जातात.

भगवान इच्छानंगलच्या वनात मुक्कामाला होते. चंकी, तारुक्ख, पोक्खरसाती असे नामांकित ब्राह्मण तेव्हा त्या गावात उतरले होते. पोक्खरसातीचा शिष्य वासेट्ठ आणि तारुक्खाचा शिष्य भारद्वाज फिरता फिरता वादाला लागले. भारद्वाज म्हणाला, "आईकडून, बापाकडून सात पिढ्या शुद्ध, तो ब्राह्मण." वासेट्ठ म्हणाला, "शीलवान, व्रतस्थ, तो ब्राह्मण." कोणीच माघार घेईना. दोघे भगवंतांकडे आले.

वासेट्ठाने विचारले, "भो गौतम, ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? आम्हांला कळत नाही, आपण सांगा."

भगवान म्हणाले:

गवत पाहा, झाडे पाहा, वासेट्ठा;
ती बोलत नाहीत, तरी त्यांची जात दिसते.
किडा-मुंगी, चार पायांची जनावरे,
सरपटणारे साप, पाण्यातले मासे, उडणारी पाखरे,
प्रत्येकाची खूण जन्माचीच, वेगवेगळी.
माणसांत तशी खूण नाही.
केसांत नाही, कानांत नाही, डोळ्यांत नाही,
हातापायांत नाही, बोटांत, नखांत नाही,
रंगात नाही, आवाजात नाही.
माणसांतला भेद केवळ नावापुरता.

गाई राखून जगतो तो शेतकरी, ब्राह्मण नव्हे.
व्यापारावर जगतो तो वाणी,
चोरीवर जगतो तो चोर,
पौरोहित्यावर जगतो तो याजक, ब्राह्मण नव्हे.

इथे क्षणभर थांबू. याजकही इतरांच्याच ओळीत बसवला आहे. समोर वेद शिकलेले दोन तरुण बसले असताना हे सांगायला केवढे धैर्य लागते!

अमक्या आईच्या पोटी आला
म्हणून मी कोणाला ब्राह्मण म्हणत नाही.
ज्याच्यापाशी काही नाही, ज्याला काही धरून ठेवायचे नाही,
त्याला मी ब्राह्मण म्हणतो.
कमळाच्या पानावर पाणी तसा
जो वासनांना चिकटत नाही,
त्याला मी ब्राह्मण म्हणतो.

आता पाली गाथा सगळ्यांनी मिळून म्हणू:

न जच्चा ब्राह्मणो होति, न जच्चा होति अब्राह्मणो ।
कम्मुना ब्राह्मणो होति, कम्मुना होति अब्राह्मणो ॥

जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही, जन्माने कोणी अब्राह्मण होत नाही.
कर्माने ब्राह्मण होतो, कर्मानेच अब्राह्मण.
कर्माने जग चालते, कर्माने प्रजा चालते;
धावत्या रथाचे चाक आसाच्या खिळीने, तसे प्राणी कर्माने बांधलेले.

हे ऐकून दोघेही म्हणाले, वासेट्ठ आणि जन्माचा कैवार घेणारा भारद्वाजही: "आम्ही भगवान गौतमांना, धम्माला आणि भिक्खुसंघाला शरण जातो. आजपासून जिवात जीव असेपर्यंत आम्हांला उपासक समजावे."

साधु, साधु, साधु.