तीव्र जुलाब-उलट्यांमुळे १५ ते १९ जुलै रजा मिळण्याबाबत

प्रति,
एचआर साहेब / शिफ्ट इन्चार्ज साहेब,
पॅकिंग विभाग, भोसरी प्लांट

दिनांक : १६ जुलै २०२५

साहेब नमस्कार,

मी संतोष, पॅकिंग लाईन २, कोडिंग मशीनवर असतो, या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे. सोमवारी १४ तारखेला चहाच्या ब्रेकनंतर पोटात कळा यायला लागल्या, दोनदा लाईन सोडून बाथरूमला जावं लागलं म्हणून लाईन लीडरला सांगून गेटपास घेऊन घरी आलो, गेटपासची नोंद सिक्युरिटीकडे आहेच. घरी आल्यावर मात्र जुलाब आणि उलट्या दोन्ही सुरू झाले ते थांबेचनात, पाणी प्यायलं तरी उलटून पडत होतं. पहाटे उठायला गेलो तर डोळ्यासमोर अंधारी आली आणि दाराला धरून खाली बसलो, मग भावाने रिक्षा करून जवळच्या हॉस्पिटलला नेलं. बीपी खूप खाली गेलं होतं, लघवीपण जवळजवळ बंद झाली होती, लगेच सलाईन लावलं आणि मंगळवारी संध्याकाळी घरी सोडलं.

डॉक्टरांनी तीव्र गॅस्ट्रोएन्टरायटिस आणि डिहायड्रेशन असं निदान दिलंय. मेडिकल सर्टिफिकेट अर्जासोबत जोडलंय, त्यावर १९ जुलैपर्यंत पूर्ण विश्रांती लिहिलीये, डॉक्टरांची सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर आहे. डिस्चार्ज कार्डचा फोटोपण पाठवतोय, ओरिजिनल कागद भाऊ उद्या गेटवर आणून देईल. तरी १५ ते १९ जुलै अशी रजा मंजूर करावी ही विनंती. रविवारी वीकली ऑफ आहे आणि सोमवारी २१ पासून आमची फर्स्ट शिफ्ट लागते, तेव्हा हजर होतो.

काल फोनवर विचारणा झाली की गोळी घेऊन गुरुवारपासून येता येईल का, माणसं कमी आहेत. साहेब अडचण मला कळतीये, या आठवड्यात डिस्पॅच किती आहे ते रोज बघतोच. पण आपली लाईन खाण्याच्या मालाची आहे. पॅकिंग विभागाच्या दारावरच बोर्ड आहे की जुलाब, उलटी, ताप असेल तर आत येऊ नये, आणि वर्षाला आपली मेडिकल करतात ती याचसाठी. डॉक्टरांना मी काय काम करतो ते सांगितलं तेव्हा त्यांनी स्पष्ट बजावलं की जुलाब पूर्ण थांबल्यावरसुद्धा किमान ४८ तास मालाला हात लावायचा नाही, कारण माणसाला बरं वाटायला लागलं तरी जंतू पोटातून बाहेर पडतच असतात. हे सर्टिफिकेटवरपण त्यांनी लिहून दिलंय. कोडिंगवर असलो तरी पाकीट अडकलं की हातानेच सोडवतो आम्ही, आणि तोच माल पुढे कुणाच्यातरी लहान लेकराच्या डब्यात जातो, त्यामुळे ग्लोव्हज घालून येतो असं मला म्हणवत नाही. आमच्या चाळीत नळाला गढूळ पाणी येतंय, शेजारी दोन घरात हाच त्रास आहे, म्हणजे हे पसरणारं दिसतंय.

माझ्या जागेवर सेकंड शिफ्टला उभं राहायला संदीप तयार आहे, त्याचं शनिवारपर्यंतचं बोलणं झालंय, फक्त त्याच्या नावाने शिफ्ट बदलाची नोंद करून घ्या म्हणजे त्याच्या हजेरीत घोळ होणार नाही. त्याला एक निरोप द्या, सोमवारी एक्सपायरीच्या तारखेचा शेवटचा आकडा फिका येत होता, शिफ्ट सुरू करण्याआधी नोझल साफ करून पहिली काही पाकिटं उजेडात धरून बघ म्हणावं. साफ करायच्या लिक्विडची बाटली मशीनच्या खालच्या कप्प्यात आहे.

पगाराचं एक बघा साहेब. ईएसआयच्या आजारपणाच्या लाभात पहिले दोन दिवस धरत नाहीत, पुढचे ७० टक्क्यांनी मिळतात. तर १५ आणि १६ हे दोन दिवस माझ्या शिल्लक पीएलमधून टाका आणि १७ पासून ईएसआय रजा धरा, कुठेही गैरहजर मांडू नका, कारण गैरहजेरी लागली की हजेरी बोनस जातो आणि या महिन्यात औषधपाण्याचाच खर्च बराच झालाय. ईएसआय दवाखान्याचं सर्टिफिकेट लागेल ते घ्यायला उद्या भावाबरोबर जातोय, मिळालं की लगेच पाठवतो.

सध्या ओआरएस, ताक आणि मऊ भात एवढंच चालू आहे, उलट्या थांबल्यात, जुलाब अजून आहेत. शुक्रवारपर्यंत थांबले नाहीत तर ४८ तासांचा हिशोब पुढे जाईल, तसं झालं तर शनिवारी दुपारच्या आत फोन करून कळवतो, म्हणजे सोमवारची माणसं लावायला वेळ मिळेल. कामावर येताना फिटनेस सर्टिफिकेट घेऊनच येईन. माझा फोन चालू आहे, मशीनचं काही अडलं तर कधीही करा.

रजा मंजूर झाल्याचा मेसेज टाकला तर बरं होईल.

आपला,
संतोष
कोडिंग ऑपरेटर, पॅकिंग लाईन २

सोबत : मेडिकल सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्डचा फोटो