सखाराम ज्ञानू जाधव, दोन वेळा

फेब्रुवारी २०११ ची गोष्ट. माण तालुक्यातल्या एका वाडीवर मी शिक्षिका होते, नोकरीला चारच वर्षं झालेली आणि जनगणनेची ड्युटी पहिल्यांदाच लागलेली. प्रशिक्षण झालं, बॅग मिळाली, त्यात ते मोठ्ठे फॉर्म, ते दुमडायचे नाहीत, चुरगळू द्यायचे नाहीत, आकडे चौकटीत नीट काढायचे कारण नंतर ते मशीनमधून जाणार. ९ तारखेपासून २८ पर्यंत घरोघर फिरायचं, मग १ ते ५ मार्च परत एक फेरी, तोवर कुणी जन्मलं, कुणी गेलं, कुणी राहून गेलं का ते बघायला.

माझ्या गटात ११२ कुटुंबं होती आणि त्यातली ५७ जाधव. म्हणजे निम्मी वाडी एका आडनावाची. बरं नुसतं आडनाव असतं तरी चाललं असतं, पण आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे तीच तीच नावं फिरून फिरून येतात. मारुती, ज्ञानू, सखाराम, पांडुरंग, परत मारुती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन फॉर्म चाळायला लागले तर कुठलं घर कुठलं तेच कळेना. मारुती सखाराम जाधव तीन. पांडुरंग मारुती जाधव दोन, आणि दोघांच्या बायका लक्ष्मी, कारण लग्नात सुनेचं नाव बदलताना बहुतेक सगळ्यांना लक्ष्मीच सुचलेली.

वाडीतल्या माणसांना मात्र काहीच अडचण नाही. त्यांची आपली नावं आहेत. तालमीवाले, गिरणीवाले, चिंचखालचे, मिल्ट्रीवाले (आजोबा फौजेत होते म्हणून, आताचे सगळे मुंबईत माथाडी), वरचे, खालचे, ओढ्यापल्याडचे. कुणाला विचारलं की मारुती जाधव कुठं राहतात तर लगेच उलटा प्रश्न, "कंचा मारुती?" मग मी शंभर पानी वही घेतली आणि फॉर्मवर कागदोपत्री नाव आणि वहीत वाडीचं नाव असं लिहायला लागले. ती वही सरकारी नव्हती, कुणी मागणार नव्हतं, पण तिच्याशिवाय मला पुढं एक पाऊल टाकता आलं नसतं.

घर नंबर ४१, तालमीजवळ. कुटुंबप्रमुख सखाराम ज्ञानू जाधव, वय ६४, बायको, दोन मुलगे, सुना, नातवंडं, एकूण नऊ माणसं. फॉर्म भरायला दीड तास लागला कारण तिथल्या आजी नवऱ्याचं नाव घेईनात, शेवटी नातवाने सांगितलं. चहा टाकताना त्यांनी मला विचारलं, "बाई, गोडी जादा टाकू का बेतानं?" मला वाटलं बोलायची पद्धत असेल एकेकाची.

आठवड्याभराने नंबर ८७ ला गेले. हे घर वाडीच्या वर माळावर, एकटंच, पुढं लिंबाचं झाड. दाराला कुलूप. मागच्या मे महिन्यात घरयादी झाली तेव्हाच्या यादीत नाव होतं, सखाराम ज्ञानू जाधव. खाली उतरले, पाण्याच्या टाकीवर बाया होत्या त्यांना विचारलं तर एक म्हणाली, "सखाराम ग्यानूचं व्हय? त्ये तर लिवलं की तुमी तवाच, तालमीपाशी." मला पण पटलं. उन्हात दिवसभर फिरलेलं असतं, पुढची घरं बाकी असतात, मनाला पटवून घ्यायला वेळ लागत नाही. वाटलं एकाच माणसाची दोन घरं असतील, माळावरचं रिकामं. तरी २४ तारखेला एकदा लांबूनच बघितलं, कुलूप तसंच वाटलं, आणि मी वर चढले नाही. हे मी आज लिहितेय कारण ते न चढणं मला अजून टोचतं.

पर्यवेक्षक सर दुसऱ्या गावचे, अनुभवी माणूस. १ मार्चला त्यांनी यादी बघितली, ४१ आणि ८७ वर बोट ठेवलं. "नाव एक, बापाचं नाव एक, आडनाव एक. डबल धरलंय मागच्यांनी. रिकामं घर म्हणून टाका आणि गट बंद करा." मी हो म्हटलं.

आणि त्याच दिवशी दुपारी शाळेत चौथीतली एक मुलगी, माझ्या टेबलाजवळ उभं राहून वहीतली नावं बोट लावून लावून वाचत होती, तिला मजा वाटत होती की बाईंनी तालमीवालं, गिरणीवालं असं लिहिलंय. वाचता वाचता थांबली.

"बाई, माळावरलं नाना न्हाईत यात."

"अगं ते तालमीवाल्यांचंच घर ना?"

"न्हाय ओ. तालमीवालं नाना येगळं. माळावरलं नाना येगळं. नानी हायती की त्यांच्या, मला आवळं देत्यात."

मला एकदम पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. शाळा सुटल्यावर तिलाच पुढं घातलं आणि माळ चढले.

दार उघडं होतं. एक म्हातारी बाई सुपात बाजरी पाखडत बसलेली, बारीक अंगाची, कपाळावर मोठं कुंकू. हौसाबाई. मी म्हटलं आजी, मी शाळेतली बाई, जनगणनेला आलेय, आधी दोनदा आले तर कुलूप होतं. "माघी वारीला गेलो हुतो पंढरीला," त्या म्हणाल्या, "आन तिथनंच लेकीकडं. सोमवारी रातच्याला आलो." म्हणजे २८ च्या रात्री. म्हणजे ज्या क्षणाची माणसं मोजायची ती १ मार्च सुरू होतानाची मध्यरात्र झाली तेव्हा ही दोघं आपल्या घरात झोपलेली होती आणि माझ्या कागदावर ते घर रिकामं होतं.

"मालकांचं नाव काय लावता आजी?"

त्या हसल्या. पदर तोंडाला लावला. "लिवा की. समद्यास्नी म्हाईत हाय."

"मला माहीत नाही ना पण."

"आत्ता येतील शेरडं घिऊन, त्यास्नीच इचारा." आणि उठून चुलीकडं गेल्या. चहाचं आधण ठेवलं आणि वळून विचारलं, "गोडी कितपत घालू?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साखर म्हटलं की सखाराम तोंडात येतो. तालमीजवळच्या आजी साखरेला गोडी म्हणाल्या आणि या पण गोडीच म्हणतात, नवऱ्याच्या नावाजवळ जाणारा शब्दसुद्धा पन्नास वर्षं तोंडातून जाऊ दिला नाही. दोन घरं, दोन चुली, दोघींचा एकच शब्द. मला त्याच्यापेक्षा मोठा पुरावा लागणार नव्हता.

नाना आले. पांढरी बंडी, गळ्यात तुळशीची माळ, मागं चार शेळ्या. मी सगळं सांगितलं, चूक माझी झाली ते पण. ते ओट्यावर बसले, रागावले नाहीत.

"आमचं असंच हाय बाई. त्येचा बाप ग्यानू, माजा बाप ग्यानू. चुलत चुलत. आज्याचं नाव दोगांस्नी बी ठिवलं. माजी मनीआडर त्येच्याकडं जायाची, त्येची कर्जाची नोटीस मला. पोस्टमन नवा आला की वरीसभर ह्योच घोळ." मग थोडं थांबून म्हणाले, "ह्या कागदावनं कळंल का, कंचा म्या आन कंचा त्यो?"

मी म्हटलं, नाना, घर नंबर वेगळा, ओळ वेगळी, तुमचा आकडा वेगळा पडणार. नाव बाहेर कुणाला दाखवत नाहीत, १९४८ च्या कायद्याने सगळी माहिती गुप्त असते, सरकार फक्त बेरीज छापतं.

"मंग नाव कशापायी लिवता?"

"कुणी दोनदा येऊ नये आणि कुणी सुटू नये म्हणून."

ते काही बोलले नाहीत. मला तेव्हा वर बघवेना.

फॉर्म भरायला लागले. वय त्यांना माहीत नव्हतं, दुष्काळ, कोयनेचा भूकंप असं धरून काढलं. भूकंप १९६७ चा, तेव्हा लेक पाळण्यात होती. मातृभाषा मराठी, साक्षर फक्त नाना, ते पण सही आणि हरिपाठापुरते. मग बायकांसाठीचे शेवटचे प्रश्न येतात. आज हयात असलेली मुलं किती, मुलगे किती मुली किती. आणि त्याच्या खाली, एकूण जिवंत जन्मलेली किती.

ह्या प्रश्नाला घराघरात मी आवाज खाली घ्यायला शिकले होते.

"हयात एक लेक," हौसाबाई म्हणाल्या. "म्हसवडाला दिलीया."

"आणि एकूण जन्मलेली?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तीन. दोन ल्योक गेलं. एक बारशाच्या आदीच. दुसरा चार वर्साचा हुता, हगवणीनं गेला, आमी बैलगाडीतनं दवाखान्याला निगालो पर घाट उतरस्तवर..." पुढं त्या बोलल्या नाहीत. मी चौकटीत आकडे काढले. हयात मुलगे शून्य, मुली एक. जन्मलेले मुलगे दोन, मुली एक. एवढ्याशा चौकटी, पेन हलू नये म्हणून मी मनगट घट्ट धरलेलं.

"त्येचं नाव न्हाय लिवत?"

"कुणाचं आजी?"

"ल्येकराचं."

फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती. गेलेल्यांचा आकडा आहे, नाव नाही. मी वही काढली. माळावरलं नाना, असं लिहिलं होतं त्याच्या पुढं पेन टेकवलं आणि म्हटलं, सांगा.

"ग्यानू," त्या म्हणाल्या. "सासऱ्याचं ठिवलं हुतं." आणि मी ते लिहीपर्यंत वहीकडं बघत राहिल्या. वाचता येत नव्हतं तरी. मग बोट पुढं करून त्या दोन अक्षरांच्या शेजारी कागदाला टेकवलं. "ह्ये व्हय?" म्हटलं हो, हेच.

नाना शेळ्या बांधायला गेले होते, किंवा त्यांना जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांकडे ८७ चा फॉर्म दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढून पुसला, आणि स्वतःच्या हाताने बेरजेत दोन माणसं वाढवली. "बरं केलंस गेलीस ते," एवढंच म्हणाले.

पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. फॉर्म बॅगेत घातला, चहा संपवला, गोडी अंमळ जास्तच झालेली. ती मुलगी आवळे ओच्यात घेऊन पुढं पळत सुटली. मी चपला घालत होते. वाडीत पाच ज्ञानू आहेत, मी मोजलेत, सगळ्यात धाकटा तालमीवाल्यांचा नातू, सहा वर्षांचा. खालून त्याच्या आईची हाक आली, दिवेलागणीला मारतात तशी, लांबवून, "ग्यान्याऽऽ, ए ग्यान्याऽऽ, घरी येऽऽ."

हौसाबाई कपबशी विसळत होत्या. हात तसाच पाण्यात थांबला, आणि त्यांनी दाराकडं बघितलं.