नवीन ट्रेडरांसाठी: सौद्याचा आकार आणि दिवसाची तोटा-मर्यादा

प्रति: नवे ट्रेडर, विजयनगर ऑफिस, इंदूर
प्रेषक: डेस्क प्रमुख
लागू: येत्या सोमवारपासून

प्रत्येकाला १० लाखांचं भांडवल आहे. एका सौद्यात जास्तीत जास्त २,५०० रुपये जोखीम. दिवसाचा तोटा ७,५०० रुपये. ही अपेक्षा नाही, छत आहे.

आधी स्टॉप ठरवा, मग संख्या काढा. शेअर ८४० ला घेताय, स्टॉप ८२८ ला. फरक १२ रुपये, त्यात स्लिपेजचे ५० पैसे. २,५०० भागिले १२.५० म्हणजे २०० शेअर. संख्या आधी मनात धरून मग तिला बसेल असा स्टॉप शोधलात, तर तो बाजाराच्या साध्या हालचालीतही उडतो.

निफ्टी ऑप्शनचा लॉट ६५ चा. प्रीमियम १२०, स्टॉप १००, स्लिपेज २ धरलं तर लॉटमागे १,४३० रुपये. दोन लॉटचे २,८६० होतात, म्हणून एकच. 'जवळपास बसतंय' चालणार नाही. लॉटचा आकार एक्सचेंज बदलत असतं, तो सर्क्युलरमधूनच घ्या.

ऑप्शनमध्ये एसएल-मार्केट ऑर्डर घेतली जात नाही. ट्रिगर आणि लिमिट दोन्ही द्यावे लागतात. ट्रिगर १०० आणि लिमिट ९९.९० ठेवलं, की भाव झपकन खाली गेल्यावर ऑर्डर तशीच लटकते आणि तोटा वाढत राहतो. लिमिट ३-४ रुपये खाली ठेवा. पोहे खायला खाली उतरताना स्टॉप सिस्टिममध्ये लागलेला हवा, डोक्यात नव्हे.

दिवसाच्या तोट्यात बंद सौदे, उघड्या सौद्यांचा चालू तोटा, ब्रोकरेज, एसटीटी, सगळं धरायचं. ५,००० गेले की पुढच्या सौद्याची जोखीम १,२५०. शिल्लक मर्यादा १,२५० पेक्षा कमी उरली, तर नवा सौदा नाही. ७,५०० ला रिस्क डेस्क पोझिशन कापून टर्मिनल बंद करेल. त्यावर वाद घालायचा असेल तर साडेतीननंतर. सकाळच्या नफ्याने मर्यादा वाढत नाही.

तीन बँकांचे शेअर एकाच दिशेने घेतले तर तो एकच सौदा. तिघांची मिळून जोखीम २,५००. तोट्यातल्या सौद्यात भर घालून ॲव्हरेज करायला मनाई आहे. मंगळवारी, निफ्टीच्या साप्ताहिक एक्स्पायरीला, दुपारी दोननंतर निम्मा आकार: शेवटच्या तासात प्रीमियम इतका वेगाने हलतो की स्लिपेजचा अंदाज निरुपयोगी ठरतो.

५ किंवा १० टक्के सर्किटच्या शेअरमध्ये इंट्राडे शॉर्ट बंद. वरचं सर्किट लागलं की विकणारा मिळत नाही, डिलिव्हरी चुकते आणि प्रकरण लिलावात जातं. तिथला भाव आपल्या हातात नसतो, म्हणजे २,५०० चं गणितही नसतं.

टर्मिनल अडकलं तर थांबून बघू नका. ब्रोकरच्या डीलिंग डेस्कचा नंबर प्रत्येक मॉनिटरवर चिकटवलाय. आधी फोन करून सौदा कापा, मग मला सांगा.