गल्ल्यावर बसणाऱ्यांसाठी: पाव, सव्वा, दीड, अडीच यांची किंमत

आधी हे पाठ करा.

पाव – ०.२५
अर्धा – ०.५०
पाऊण – ०.७५
सव्वा – १.२५
दीड – १.५०
पावणेदोन – १.७५
सव्वादोन – २.२५
अडीच – २.५०
पावणेतीन – २.७५
सव्वातीन – ३.२५
साडेतीन – ३.५० (जुन्या पाढ्यांत 'औट')
पावणेचार – ३.७५

पुढे सगळे नियमाने चालते. 'सव्वा' पुढच्या आकड्यात पाव मिळवतो, 'साडे' अर्धा मिळवतो, 'पावणे' मात्र पाव वजा करतो. चुका होतात त्या पावणेतच. गिऱ्हाईक 'पावणेपाच किलो' म्हणाले की कानावर 'पाच' पडते आणि वजन पाचाच्या पुढे जाते. खरे वजन ४.७५ किलो. 'साडे' तीनपासून सुरू होतो. साडेएक, साडेदोन कुणी म्हणत नाही, तिथे दीड आणि अडीच.

शंभर, हजार, लाख जोडले की पाव त्या मापाचा धरायचा. पाऊणशे ७५, सव्वाशे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, अडीचशे २५०, साडेपाचशे ५५०. सव्वादोन हजार म्हणजे २,२५०; ते २,०२५ लिहिले तर हिशेबात २२५ रुपयांचा फरक पडतो. पावणेतीन लाख म्हणजे २,७५,०००. चेकवर किंवा पावतीवर अक्षरी रक्कम 'दोन लाख पंचाहत्तर हजार' अशीच लिहावी, वाद राहत नाही.

तोंडी हिशेबाला यांच्याइतके सोयीचे काही नाही. तांदूळ ८८ रुपये किलो असेल तर पाव किलोचे २२, हे आधी काढून ठेवा. पाऊण किलो: ८८ वजा २२, म्हणजे ६६. सव्वा किलो: ११०. दीड: ८८ आणि ४४, १३२. अडीच: दुप्पट १७६ आणि ४४, २२०. पावणेतीन: तिप्पट २६४ वजा २२, म्हणजे २४२. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे पूर्वी याचसाठी घोकून घेत. ते आजही शिकवायला हवेत. निदान सवायकी आणि दिडकी तरी. साडेसातीचा हिशेबही अडीचकीचाच: शनी एका राशीत साधारण अडीच वर्षे, तीन राशी, अडीच त्रिक साडेसात.

घड्याळात पाऊण, सव्वा, दीड यांच्यापुढे आकडा नसतो, म्हणून नवखे गोंधळतात. पाऊण वाजला म्हणजे १२:४५, सव्वा वाजला म्हणजे १:१५, दीड वाजला म्हणजे १:३०. मालाची गाडी 'पाऊणला' येणार असेल तर पाऊण तास थांबायचे नसते.

पटीत बोलताना 'झाला' आणि 'ने वाढला' यांत गल्लत नको. १०० चा भाव दीडपट झाला म्हणजे १५०, म्हणजेच निम्म्याने वाढला. सव्वापट १२५, दुप्पट २००, अडीचपट २५०, तिप्पट ३००, चौपट ४००.